इंग्रजीतला दबका ‘अ’



इंग्रजी वाचता येते, लिहिता येते, कचेरीतला पत्रव्यवहार नीट समजतो. पण एखादा इंग्रज किंवा अमेरिकन गृहस्थ समोर बसून बोलू लागला की निम्मे कळते आणि निम्मे निसटते, ही तक्रार येथे बसलेल्या पुष्कळांची असेल. कारण विचारले तर बहुतेक जण सांगतात, ‘अहो, ते फार भरभर बोलतात.’ आज मला सांगायचे आहे ते असे की, हे निदान अपुरे आहे. सावकाश बोलणारा इंग्रजसुद्धा आपल्या हातून निसटतो. इंग्रजी बोलताना शब्दांच्या काही भागांना वजन द्यायचे आणि बाकीच्यांना द्यायचे नाही, असा त्या भाषेचा रिवाज आहे. आणि ज्यांना वजन मिळत नाही त्यांचा स्वरच बदलून जातो. आपण पुस्तकात पाहिलेला स्वर केव्हा ऐकू येतो याची वाट पाहत राहतो, आणि तो येतच नाही.

मी भाषेचा पंडित नाही. कारखान्यांचा कायदा आणि न्यायालयांचे निवाडे शब्दकोश शेजारी ठेवून वाचत वाचत माझे इंग्रजी झाले. पण कामगारांच्या वतीने वाटाघाटीला बसलो म्हणजे समोरचा ‘देऊ शकतो’ म्हणाला की ‘देऊ शकत नाही’ म्हणाला, हे कानांनीच ठरवावे लागते. त्या गरजेपोटी हा विषय मी मुळातून वाचला, आणि आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

प्रथम त्या स्वराची ओळख करून घेऊ. कॉलर, लीडर आणि डॉक्टर हे तीन शब्द घ्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये यांच्या शेवटच्या भागात तीन वेगवेगळे स्वर लिहितात: कॉलरमध्ये ‘ए’, लीडरमध्ये ‘ई’, आणि डॉक्टरमध्ये ‘ओ’. पण आपण मराठीत काय लिहितो? लर, डर, टर. तिन्ही ठिकाणी साधा ‘अ’. डॉक्टरला ‘डॉक्टोर’ म्हणणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. हे शब्द आपल्याकडे साहेबाच्या तोंडून थेट कानांवाटे आले, म्हणून आपल्या कानांनी जे खरे होते तेच टिपले. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच स्वर आहे. जीभ तोंडाच्या मधोमध सैल पडलेली, जबडा जेमतेम उघडलेला, ओठ गोल नाहीत आणि ताणलेलेही नाहीत, अशा स्थितीत जो आवाज निघतो तो हा स्वर. ध्वनिशास्त्रात त्याला ‘श्वा’ म्हणतात. हे नाव मूळचे हिब्रू व्याकरणातले असून जर्मन विद्वानांच्या मार्फत ते सर्वत्र गेले. शब्दकोशात तो दाखवण्यासाठी इंग्रजीचे लहान ‘ई’ हे अक्षर उलटे फिरवून छापतात.

आपला ‘अ’ या श्वाच्या अगदी शेजारी राहतो. फरक एवढाच की, मराठी ‘अ’ वजन घेऊ शकतो. ‘घर’ म्हणताना त्या ‘घ’ला आपण हवा तेवढा जोर देतो. इंग्रजी श्वाला जोर कधीच मिळत नाही. जोर आला की तो श्वा राहत नाही, दुसरा स्वर होतो. म्हणून मी त्याला दबका ‘अ’ म्हणतो.

हा दबका ‘अ’ इंग्रजीत किती वेळा येतो? डी. बी. फ्राय या ध्वनिशास्त्रज्ञाने १९४७ साली दक्षिण इंग्लंडच्या बोलीतले ध्वनी मोजून प्रसिद्ध केले. त्यात दर शंभर ध्वनींत जवळजवळ अकरा वेळा हा एकच स्वर निघाला. स्वर आणि व्यंजने मिळून जे चाळीसच्या वर ध्वनी त्या भाषेत आहेत, त्या सर्वांत याचा क्रमांक पहिला लागला. गंमत अशी की, इंग्रजी वर्णमालेत त्याच्यासाठी स्वतंत्र अक्षरच नाही. तो कधी ‘ए’च्या वेषात येतो, कधी ‘ओ’च्या, कधी ‘यू’च्या. त्यामुळे ज्याने इंग्रजी डोळ्यांनी शिकले त्याला तो भेटतच नाही.

तो नेमका केव्हा प्रकट होतो, ते पाहू. शब्द उच्चारताना एका झटक्यात जेवढा तुकडा तोंडातून निघतो त्याला अवयव म्हणू. जसे ‘कोल्हापूर’ या शब्दाचे को-ल्हा-पूर असे तीन अवयव. मराठीत या तिन्हींना साधारण सारखे वजन मिळते. इंग्रजी शब्दात एका अवयवावर ठळक आघात पडतो आणि आजूबाजूचे अवयव दबतात. फोटोग्राफ हा शब्द आपण ‘फो-टो-ग्राफ’ असा सरळ म्हणतो. इंग्रज आघात पहिल्या अवयवावर देतो आणि मधला दाबतो: ‘फो-ट-ग्राफ’. आता हाच शब्द माणसाला लावला, म्हणजे आपण ज्याला फोटोग्राफर म्हणतो, की आघात सरकून दुसऱ्या अवयवावर जातो. लगेच पहिला ‘फो’ दबून ‘फ’ होतो, दबलेला ‘ट’ उठून ‘टॉ’ होतो, ‘ग्राफ’चा ‘ग्रफ’ होतो: ‘फ-टॉ-ग्र-फ’. स्पेलिंग जवळजवळ तेच. पण आघात हलला तसे स्वर उठले आणि बसले. स्वर अक्षरावर अवलंबून नसून आघातावर अवलंबून आहे, हे यातून दिसते.

येथपर्यंत एका शब्दाच्या आतली गोष्ट झाली. खरी अडचण वाक्यात येते. प्रत्येक भाषेत काही शब्द अर्थाचे असतात, जसे पगार, महिना, देणे. आणि काही त्यांना जोडणारे मदतनीस शब्द असतात. आपल्याकडे हे मदतनिसाचे काम बरेचसे प्रत्यय करतात. ‘महिन्याच्या शेवटी’ म्हणताना ‘च्या’ आणि ‘ई’ शब्दालाच चिकटलेले असतात. इंग्रजीत त्यासाठी सुटे शब्द आहेत: अँड, ऑफ, टू, फॉर, फ्रॉम, ॲट, कॅन, हॅव आणि त्यांची भावंडे. असे शब्द चाळीस-पन्नासांच्या घरात भरतात. यांतील प्रत्येकाला दोन रूपे आहेत. एक सबल रूप, म्हणजे शब्दकोशात सुटा वाचताना म्हणतो ते. दुसरे दुर्बल रूप, म्हणजे वाक्याच्या ओघात वापरतात ते. दुर्बल रूपात अँडचे ‘अन्’ किंवा नुसते ‘न्’ उरते, ऑफचे ‘अव्’, टूचे ‘ट’, फॉरचे ‘फ’, फ्रॉमचे ‘फ्रम’, ॲटचे ‘अट्’, कॅनचे ‘कन्’, आणि हॅवचे पुन्हा ‘अव्’च. नेहमीच्या बोलण्यात दुर्बल रूप हाच नियम असतो, सबल रूप हा अपवाद.

‘हा आळशीपणा आहे, शुद्ध बोलणारे असे बोलत नसतील,’ अशी शंका येथे निघते. तसे नाही. लंडन विद्यापीठाचे डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली सुशिक्षित इंग्रजांच्या उच्चारांचा जो कोश काढला, त्यातही ही दुर्बल रूपे रीतसर नोंदलेली आहेत. शिवाय हा प्रकार शतकानुशतके चालत आला आहे. इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा ‘वन’ आणि नामामागे लागणारा ‘अ’ किंवा ‘अन’ हे मुळात एकाच शब्दाचे सबल आणि दुर्बल रूप. पुढे लिहिण्यातही ते दोन झाले. तसेच आपण ज्यांना ‘ऑफ’ आणि ‘ऑफ’ असे एकसारखेच म्हणतो, एक ‘चा-ची-चे’ या अर्थाचा आणि दुसरा दिवा बंद करण्याचा, तेही पूर्वी एकच होते. जोर असलेल्याचा ‘फ’ टिकला, जोर नसलेल्याचा ‘व’ झाला, आणि पुढे स्पेलिंगमध्ये एक ‘एफ’ जास्त घालून दोघांची फारकत केली. म्हणून ‘चा-ची-चे’च्या जागी आपण खणखणीत ‘ऑफ’ म्हणतो, तेव्हा इंग्रजाच्या कानाला खरोखर तो दुसराच शब्द ऐकू येतो. आणि ‘ऑफ’ व ‘हॅव’ या दोघांचेही दुर्बल रूप ‘अव्’च असल्यामुळे खुद्द इंग्रज मुले ‘शुड हॅव’ लिहायचे तेथे ‘शुड ऑफ’ लिहून ठेवतात. कानाला जे येते तेच हातातून उतरते.

आपल्या मराठीत असे काहीच नाही असे समजू नका. ‘तो आला आहे’ असे आपण लिहितो, पण बोलताना ‘तो आलाय’ म्हणतो. ‘काय करतो आहेस?’चे ‘काय करतोयस?’ होते. ‘आहे’ या मदतनिसाचा एक ‘य’ तेवढा उरतो. पण कोणी दारात येऊन ‘साहेब घरी आहेत का?’ असे विचारले, तर आपण ‘आहेत’ असे पूर्ण उत्तर देतो. तेथे ‘येत’ म्हणून भागत नाही. पुढे-मागे आधार असेल तर मदतनीस आखडतो, आणि एकटा उभा राहिला की पूर्ण होतो. इंग्रजीतली दुर्बल रूपे हीच चाल चालतात. फक्त आपल्याकडे जे दोन-चार ठिकाणी घडते ते तिकडे जवळजवळ प्रत्येक वाक्यात घडते.

आता एक वाक्य घेऊन पुरते उलगडून पाहू. वाटाघाटीत थकलेल्या पगाराविषयी व्यवस्थापक म्हणतो की, महिनाअखेर आम्ही थकबाकी देऊ शकतो. पुस्तकी उच्चाराने ते इंग्रजी वाक्य असे: ‘वी कॅन पे द ॲरिअर्स ॲट द एंड ऑफ द मंथ.’ शब्द अकरा, अवयव बारा. आपण हे बाराही अवयव एकेक वीट रचावी तसे रचतो. इंग्रज त्यातले चारच उचलतो: पे, रिअर्झ, एंड, मंथ. देणे, बाकी, अखेर, महिना. अर्थ यातच आला. उरलेले आठ अवयव या चार ठोक्यांच्या मधल्या फटींत बसवावे लागतात. म्हणून तो म्हणतो: ‘विकन्-पे दिअ-रिअर्झ अट्दि-एंड अव्द-मंथ.’ वीचा ‘वि’ झाला, कॅनचा ‘कन्’. थकबाकीच्या शब्दाचा पहिला अवयवही दबून नुसता ‘अ’ उरला. ॲटचा ‘अट्’ झाला, ऑफचा ‘अव्’. ‘द’ तीनदा आला आहे. त्यापुढे स्वर आला तेथे, म्हणजे दोनदा, तो ‘दि’ झाला आणि व्यंजनापुढे ‘द’ राहिला. या एका वाक्यात दबका ‘अ’ पाच वेळा आला. ज्याचा कान ‘कॅन’, ‘ॲट’, ‘ऑफ’ यांची वाट पाहत होता त्याला ते तिन्ही शब्द भेटले नाहीत. ते दुसऱ्या वेषात समोरून निघून गेले.

यांतील ‘कॅन’ हा शब्द सर्वांत घातकी, कारण त्याच्या स्वरावर होकार आणि नकार ठरतो. नकाराचा शब्द ‘कान्ट’. इंग्लंडमधल्या प्रमाण उच्चारात त्याचा स्वर लांब ‘आ’ आहे, त्यामुळे तेथे ‘कन्’ आणि ‘कान्ट’ यांत गोंधळ कमी होतो. अमेरिकेत मात्र नकाराचा उच्चार ‘कॅन्ट’ असा आहे, आणि त्याचा शेवटचा ‘ट’ पुढे ‘पे’सारखा व्यंजनाने सुरू होणारा शब्द आला की घशातच अडकून राहतो, ओठांबाहेर फुटत नाही. टेलिफोनवर तर तो आणखीच बुजतो. मग उरते काय? होकारात ‘विकन्-पे’, नकारात ‘वी-कॅन्-पे’. अमेरिकन श्रोता ‘ट’साठी थांबत नाही. तो स्वर ऐकतो आणि वजन ऐकतो. शब्द दबका आला तर होकार, उठून आला तर नकार.

आता आपले काय होते पाहा. आपण होकार देताना पुस्तकाप्रमाणे पूर्ण ‘कॅन’ म्हणतो: ‘वी कॅन पे.’ अमेरिकन माणसाच्या कानाला तो नकार वाटू शकतो. उलट तो ‘विकन्-पे’ म्हणाला की आपल्याला ‘कॅन’ ऐकूच येत नाही. आणि तो ‘वी-कॅन्-पे’ म्हणाला की आपल्याला स्पष्ट ‘कॅन’ ऐकू येते आणि आपण होकार समजतो. दोन्ही बाजूंनी अर्थ उलटा होतो, आणि कोणीही खोटे बोललेले नसते.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या बोनसविषयी बोलणे चालू असताना परदेशी मालकांचा अमेरिकन अधिकारी टेलिफोनवरून बोलत होता. त्याचे वाक्य संपले, आणि आमच्या पाच प्रतिनिधींपैकी तिघांनी ‘देऊ शकतो’ असे ऐकले, दोघांनी ‘देऊ शकत नाही’ असे. दाराबाहेर तीनशे माणसे उभी होती. मी त्या गृहस्थांना म्हणालो, ‘साहेब, हे वाक्य “कॅन” शब्द न वापरता पुन्हा सांगा.’ तेव्हा ते म्हणाले, ‘वी आर नॉट एबल टु.’ नकार होता. जे तिघे आनंदाची बातमी घेऊन दाराकडे निघाले होते ते जागीच थांबले. तेव्हापासून आमच्या प्रतिनिधींना एक शिस्त घालून दिली आहे: पैशाचा, तारखेचा किंवा माणसे कमी करण्याचा विषय असेल तेथे ‘कॅन’वर विसंबायचे नाही. आपण नकार द्यायचा तर ‘कॅनॉट’ असा पूर्ण शब्द वापरायचा, होकार द्यायचा तर ‘येस’ म्हणून मग वाक्य बोलायचे, आणि समोरच्याकडून तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत वदवून घ्यायचे.

सगळीकडे दुर्बल रूपच वापरायचे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. तीन ठिकाणी सबल रूपच लागते. पहिले, मदतनीस वाक्याच्या शेवटी एकटा पडला तर. ‘तुम्ही देऊ शकता का?’ याला ‘येस, वी कॅन’ असेच उत्तर येते, येथे ‘कन्’ चालत नाही. आपल्या ‘आहेत’सारखेच हे आहे. दुसरे, विरोध दाखवायचा असेल तर. ‘एक एप्रिलपासून म्हटले होते, एक एप्रिलपर्यंत नव्हे,’ असे सांगायचे असेल तर ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ दोन्ही ठासून म्हणावे लागतात. तिसरे, समोरच्याचा नकार खोडून काढताना. तो म्हणाला, तुम्ही हे करू शकणार नाही. त्यावर ‘वी कॅन’ हे जोरातच म्हटले पाहिजे. तेव्हा सबल रूपाला अर्थ असतो, तो असा की ‘या शब्दाकडे लक्ष द्या.’ आपण प्रत्येक ‘ऑफ’ आणि प्रत्येक ‘टू’ ठासून म्हणतो, तेव्हा इंग्रज श्रोता प्रत्येक वेळी कशाचा तरी विरोध शोधू लागतो आणि थकतो.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आज जगात इंग्रजी बोलणारे बहुसंख्य लोक जन्माने इंग्रज नाहीत. जपानी, ब्राझिलियन आणि मराठी माणूस एका टेबलाशी बसतात तेव्हा सर्वांना पूर्ण स्वरच सोपे जातात. जेनिफर जेंकिन्स या इंग्रज अभ्यासिकेने अशा संभाषणांचा अभ्यास करून २००० साली ग्रंथ लिहिला. परस्परांना समजण्यासाठी कोणते उच्चार आवश्यक आहेत त्याची यादी तिने केली, आणि दुर्बल रूपे त्या यादीबाहेर ठेवली. वाक्यात मुख्य आघात योग्य शब्दावर पडणे हे मात्र तिने आवश्यक मानले. मला हे पटते. आपल्या तोंडाने साहेबाची नक्कल केलीच पाहिजे असे नाही, आणि कोणी पूर्ण ‘ऑफ’ म्हणतो म्हणून त्याला हसण्याचेही कारण नाही. पण कानाला ही सूट मिळत नाही. समोरचा कसा बोलेल हे आपल्या हाती नसते. म्हणून दुर्बल रूपे बोलण्यापेक्षा ऐकण्यासाठी शिकावीत, असे माझे मत आहे.

ती शिकायची कशी? नुसते पुष्कळ ऐकून हे साधत नाही, कारण जे ऐकू आले नाही ते निसटले हेही आपल्याला कळत नाही. त्यासाठी ऐकलेले लिहून ताडून पाहावे लागते. ज्याचा मजकूर छापील मिळतो असे एखादे ध्वनिमुद्रित भाषण किंवा बातमीपत्र घ्यावे. हल्ली मोबाइलवर अशी पुष्कळ मिळतात. मजकूर बाजूला ठेवून एक वाक्य तीनदा ऐकावे आणि ऐकू आले तसे, गाळलेल्या जागा सोडून, वहीत लिहावे. मग छापील मजकुराशी ताडून पाहावे. रिकाम्या जागा कोठे पडल्या ते मोजा. त्या बहुतेक सगळ्या ऑफ, टू, हॅव, अँड यांच्याच असतील. आता छापील वाक्यात जे अवयव उठून येतात त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि तेच वाक्य पुन्हा लावून प्रत्येक रेघेवर बोटाने टेबलावर ठोका द्या. ठोक्यांमधली अंतरे घड्याळासारखी एकसारखी येणार नाहीत. ध्वनिशास्त्रज्ञांनी मोजून पाहिली तेव्हाही ती एकसारखी निघाली नाहीत. पण दोन ठोक्यांच्या मध्ये किती शब्द दडपून बसवले आहेत ते बोटांना कळेल. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मजकुराशिवाय ऐकावे. आदल्या दिवशी जेथे रिकामी जागा होती तेथे एक दबका ‘अ’ ऐकू येऊ लागतो, आणि त्याच्या पुढचे व्यंजन ‘व्’ आहे की ‘न्’ आहे की ‘ट्’ आहे, यावरून तो कोण ते ओळखता येते.

सुरुवात ‘कन्’ आणि ‘कॅन्ट’ यांच्यापासून करावी. अमेरिकन माणसाची अशी दहा वाक्ये गोळा करा, प्रत्येकासमोर होकार की नकार ते लिहा, आणि मग मजकुराशी ताडून पाहा. दहापैकी दहा बरोबर येऊ लागेपर्यंत त्याच्याबरोबरच्या करारात टेलिफोनवर ऐकलेल्या शब्दावर सही करू नका; तो शब्द कागदावर लिहून मागा.